आकडेवाला एच

बदलापूर गावात चिंतामणी वैशंपायन मास्तरांना सगळे जण दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, त्यांचं अक्षर. दुसरी, त्यांचा कान. शाळेत नवा विद्यार्थी आला आणि त्यानं नुसतं नाव सांगितलं, तरी मास्तर विचारत, "आई मुरबाडकडची का रे?" आणि बहुतेक वेळा ती असे.

सन पंचेचाळीसपासून दर रविवारी ते सायकल काढत आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांशी बोलत बसत. त्यांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. बायको उमा सुरुवातीला म्हणायची, "अहो, तिथे काय ठेवलंय एवढं?" मग तिनं विचारणं सोडून दिलं. दहा वर्षांत अकरा वह्या झाल्या. त्यांतल्या चार तर मोरिवलीच्या एकट्या बनूबाईच्या बोलण्यानं भरल्या होत्या. बनूबाई साठीची बाई. तिच्या भातशेतीच्या कडेला कारखान्यांची कुंपणं उभी राहिली होती, पण तिची बोली जुनीच होती.

छप्पन साली मास्तरांना पुण्याहून एक पत्र आलं. एका महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकवणारे डॉ. दिनानाथ मोघे कल्याणच्या खालच्या गावांच्या बोलींची पाहणी करणार होते. कोणाकडून तरी त्यांच्या कानावर मास्तरांचं नाव गेलं होतं. 'आपल्यासारख्या जाणकाराचं साहाय्य लाभल्यास,' असं त्या पत्रात होतं. मास्तरांनी ते वाक्य उमाला दोनदा वाचून दाखवलं. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणी जाणकार म्हटलं होतं.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती त्यांनी वाचून दाखवली नाही. 'आपल्यासोबत कु. कुंदा फणसळकर काम पाहतील. त्यांनी आमच्या उन्हाळी वर्गात ध्वनिलेखनाचं शिक्षण घेतलं आहे.'

कुंदा फणसळकर चोवीस वर्षांची होती. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी, वडिलांबरोबर कंपनीच्या बंगल्यात राहणारी. पहिल्या रविवारी ती मोरिवलीला आली ती छत्री, कार्डांची पेटी आणि निळ्या शाईची दौत घेऊन. मास्तरांना तिनं वाकून नमस्कार केला. "तुमच्याबद्दल सरांनी खूप सांगितलंय," म्हणाली. मास्तर हसले. मनात म्हणाले, काय सांगितलं असेल? गावातला एक मास्तर आहे, वाट दाखवील, एवढंच ना?

काम सोपं होतं. डॉक्टरांनी तीनशे शब्दांची यादी दिली होती. बनूबाईकडून एकेक शब्द वदवून घ्यायचा आणि तो कार्डावर रोमन लिपीतल्या ध्वनिखुणांनी लिहायचा. प्रत्येक शब्द दोघांनी वेगवेगळा लिहायचा, मग सगळी कार्डं एकत्र करून पुण्याला पाठवायची. ते एकत्र करण्याचं काम डॉक्टरांनी वडीलधारे म्हणून मास्तरांकडे दिलं होतं.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. यादीत 'खार' होता आणि 'घार' होता. मास्तरांनी दोन्हींना एकच खूण लावली: अक्षरापुढे, थोडा वर, एक बारीक एच. kʰ, gʰ. ख आणि घ दोन्ही महाप्राण, त्यांना एकच खूण, यात विचार करण्यासारखं काय होतं? कुंदानं 'खार'ला साधा एच लावला, पण 'घार'ला लावलेल्या एचच्या उभ्या दांडीला डोक्यावर उजवीकडे वळलेला छोटा आकडा काढला. gʱ.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"हा आकडेवाला एच. घ, झ, ढ, ध, भ यांना हाच लावायचा."

"का? महाप्राण दोन प्रकारचे असतात असं मी तरी शिकलो नाही."

"नाव एकच आहे, मास्तर, पण गळ्यात घडतं ते वेगळं. बघा ना. इथे बोट लावा." तिनं स्वतःच्या गळ्याच्या घाटीवर बोटं टेकवली. "खा म्हणा. जरा लांबवून."

मास्तरांनी बोट लावलं नाही. बनूबाईनं मात्र लगेच लावलं. "खाऽर," ती म्हणाली.

"जीभ सुटली तरी गळा अजून गप्पच आहे ना, बनूबाई? आधी नुसता वारा जातो, मग आ सुरू होतो तेव्हा बोटाला गुणगुण लागते. आता घार म्हणा."

"घाऽर." बनूबाईचे डोळे मोठे झाले. "आगं बाय! या टायमाला तं थांबलंच नाय! सारा येल गुनगुनतंय!"

"तेच," कुंदा मास्तरांकडे वळली. "ख मध्ये आवाजाच्या आधी वारा येतो. घ मध्ये आवाज चालूच असतो आणि त्याच आवाजातून वारा गळतो. गळ्यातले पडदे पुरते मिटत नाहीत, सैल राहून थरथरतात. साधा एच लिहिला तर वाचणाऱ्याला वाटेल, घ म्हणजे ग आणि त्यापुढे ख सारखा कोरडा वारा. तसं तर कोणी बोलत नाही."

"उच्चारशास्त्र लिहून ठेवणारे आपले जुने शिक्षाकार मूर्ख नव्हते," मास्तर म्हणाले.

"मुळीच नव्हते. त्यांनीच तर लिहून ठेवलंय की या वर्णांत श्वास आणि नाद दोन्ही असतात. आम्हांला वर्गात तेच पहिल्यांदा दाखवलं."

हे मास्तरांना सगळ्यात जास्त लागलं. पुस्तकं आपली, गाव आपलं, बनूबाई आपली, आणि पुण्याला सहा आठवडे जाऊन आलेली ही मुलगी आपल्यालाच ते सांगतेय.

पुढच्या रविवारी 'नाणं' आणि 'न्हाणं' निघालं. बनूबाई ण चा न करायची, म्हणून तिच्या तोंडी ते 'नानं' आणि 'न्हानं' होतं. मास्तरांनी 'न्हाणं'मध्ये न आणि ह असे दोन वर्ण लिहिले, जोडाक्षरासारखे. कुंदानं एकच न लिहून त्याच्या डोक्याशी तो आकडेवाला एच चढवला. म्हणाली, "इथे दोन ध्वनी नाहीत. न एकच आहे, फक्त तो सैल आवाजात म्हटलाय. म्हातारी, व्हता, सगळीकडे तसंच." मास्तर वाद घालत बसले, आणि ती शांतपणे ऐकत राहिली. वाद घालणारा माणूस जिंकत नाही तेव्हा समोरच्याचा शांतपणा फार बोचतो.

त्याहून बोचणारी गोष्ट दुपारी घडली. बनूबाईनं कुंदाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि तिच्या हट्टाखातर लग्नातलं एक गाणं म्हटलं. दहा वर्षांत मास्तरांनी त्या ओट्यावर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि बनूबाईनं त्यांच्यासमोर कधी गळा उघडला नव्हता.

"आमाला कदी गायला नाय सांगितलंत तुमी," बनूबाई हसून म्हणाली.

घरी येताना मास्तरांनी सायकल हातात धरून चालवली. वाटेत आडोशाला थांबून त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं. खार. घार. फार. भार. पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. ती पोरगी बरोबर होती. इतकी बरोबर, की दहा वर्षं आपण हे ऐकलं कसं नाही, याचीच त्यांना लाज वाटली. ती लाज घरी पोहोचेपर्यंत राहिली नाही. बदलापूरच्या वेशीशी तिचा राग झाला होता.

महिन्याभरानं डॉक्टरांचं पत्र आलं. नमुना म्हणून आधी पाठवलेली काही कार्डं पाहून त्यांनी लिहिलं होतं: 'कुंदाबाईंचं लेखन विलक्षण नेमकं आहे. मास्तर, आपण खुणांच्या बाबतीत त्यांचं मार्गदर्शन घ्यावं.' मास्तरांनी पत्राची बारीक घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली. उमानं विचारलं, "वाईट बातमी का?" ते म्हणाले, "छे. चांगलीच आहे. दुसऱ्याची आहे, एवढंच."

त्या आठवड्यात तीनशेही कार्डं पूर्ण झाली. कुंदानं आपली पेटी मास्तरांच्या स्वाधीन केली. ती थेट कार्डावरच लिहायची, वेगळी वही ठेवायची नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात बसले. खिशातून दाढीचं पातं काढलं. आकडेवाल्या एचचा आकडा काढणं अगदी सोपं असतं. डोक्यावरची ती छोटी वळलेली रेघ पात्याच्या टोकानं हलकेच खरवडली की खाली साधा एच उरतो. पहिल्या कार्डाला बराच वेळ लागला. दहाव्या कार्डापर्यंत हात बसला. साठाव्या कार्डावर त्यांनी स्वतःलाच समजावलं, एकवाक्यता हवीच, दोघांची खूण एकच असली तर डॉक्टरांना वाचायला सोपं. सगळे मिळून एकशे बारा आकडे त्यांनी खरवडले आणि कागदाचा भुगा फुंकून टाकला.

डॉक्टरांचं उत्तर लवकर आलं, आणि मास्तरांना हवं होतं ते त्यात होतं. 'कुंदाबाईंच्या नमुन्याच्या कार्डांत सघोष महाप्राणांची, म्हणजे घ-झ-ढ-ध-भ यांची, खूण अचूक होती. नंतरच्या संपूर्ण संचात त्यांनी ती सोडून दिली आहे. इतकी हयगय अपेक्षित नव्हती. मी त्यांना कळवलं आहे. पुढच्या शब्दयादीचं काम आपण एकट्यानं पाहावं.'

कुंदा बदलापूरला आली. कधी न आलेली मुलगी दारात उभी राहिली. "मास्तर, मी आकडे काढले होते. प्रत्येक कार्डावर. तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं असेल," मास्तर म्हणाले. "इतक्या कार्डांचं कसं लक्षात राहणार?"

ती मग उमानं आणलेला चहा न घेता निघून गेली. उमानं भरलेला कप तसाच आत नेला.

आता मोरिवलीला मास्तर एकटेच जात. बनूबाई विचारायची, "बाय नाय आली?" मास्तर म्हणायचे, "नाही जमत तिला." दोन रविवार बरं वाटलं. तिसऱ्या रविवारी बनूबाईनं म्हटलेल्या 'भाऊ'ला काय खूण लावावी म्हणून त्यांचा टाक कार्डावर थांबला, तो थांबलाच. साधा एच लिहिणं म्हणजे आता खोटं लिहिणं होतं. आकडा काढणं म्हणजे तिचं अक्षर गिरवणं. त्यांनी कार्ड कोरंच ठेवलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी बनूबाईला पुण्याला बोलावलं, यंत्रावर तिचा आवाज घ्यायला. मास्तर तिला घेऊन गेले. प्रयोगशाळेत काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं एक पिंप सावकाश फिरत होतं. बनूबाईच्या तोंडापुढे नळी धरली होती, गळ्याला एक छोटी चकती बांधली होती. दोन बारीक टोकं काजळीवर दोन पांढऱ्या रेषा ओढत होती: वरची तोंडातल्या वाऱ्याची, खालची गळ्याच्या थरथरीची.

"म्हणा आजी, खार."

वरची रेघ एकदम उसळली. खालची तेव्हा सपाट होती, वारा ओसरल्यावरच तिला लाटा फुटल्या.

"आता घार."

खालच्या रेषेत लाटा होत्याच, मध्ये कुठेही तुटल्या नाहीत. आणि त्या चालू असतानाच वरची रेघ फुगली.

डॉक्टरांनी खालच्या रेषेजवळ बोट नेलं. "हे बघा मास्तर. वारा आहे, पण आवाज तुटलेला नाही. आकडा हवाच होता. कुंदाबाईंना हे आधीच कळलं होतं, मग सोडलं का त्यांनी?"

मास्तर बनूबाईच्या गळ्याची चकती सोडवू लागले. "काय माहीत," ते म्हणाले.

परत आल्यावर बनूबाई तिच्या दारात थांबली. यंत्राचं तिला कौतुक वाटलं होतं, पण ती दुसऱ्याच गोष्टीवर आली. "मास्तर, त्या डाक्टरांनी जं दावलं तं बायनं नुसतं बोट लावून दावलं व्हतं. तिला कामावरून का काढली?"

"मी काढली," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावरच त्यांना ऐकू आले. "तिनं बरोबर लिहिलं होतं. मी खरवडून टाकलं."

बनूबाई आत गेली आणि दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मास्तर अंबरनाथला कंपनीच्या बंगल्यावर गेले. कुंदा व्हरांड्यात होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. पातं, रिकामा वर्ग, एकशे बारा कार्डं. क्षमा शब्द त्यांच्या तोंडी येईना, म्हणून त्यांनी तो उच्चारला नाही.

कुंदा उठून उभी राहिली. "मोजलेत तुम्ही?"

"हो."

"का केलंत?"

मास्तरांनी खरं उत्तर दिलं. "दहा वर्षं मी ऐकत होतो. तुम्ही एका दुपारी ऐकलंत."

ती बागेकडे वळली. मग म्हणाली, "मला तुमची कीव येत नाही, मास्तर, आणि मी हे विसरणारही नाही. हेच सगळं डॉक्टरांना लिहा. आज. माझ्यासमोर. आणि कार्डं नव्यानं लिहायची, दोघांनी, बनूबाईसमोर. तुम्ही शाईनं लिहायचं, मी तपासणार."

तिनं कागद आणून दिला. मास्तरांनी त्यांच्या प्रसिद्ध अक्षरात पत्र लिहिलं.

नवी कार्डं कापून घ्यायला ते उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात गेले. तिथे टहिलराम नावाचा सिंधी कागद कापायचा. शिकारपूरहून आलेला, पन्नाशीचा माणूस. "फिर तीन सौ? पिछला माल खराब निकला क्या, साईं?"

"माल अच्छा था," मास्तर म्हणाले. "मैं खराब निकला."

टहिलरामनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा यंत्राची मूठ दाबली. कापताना म्हणाला, "होता है, साईं." कार्डं दोऱ्यानं बांधताना त्यानं दहा-बारा जास्तच घातली.

डॉक्टरांचं उत्तर तीन ओळींचं आलं. पहिल्या दोन ओळी मास्तरांनी पुन्हा कधीही वाचल्या नाहीत. तिसरी होती: 'कार्डं दोघांच्या सहीनं यावीत.'

बनूबाईनं त्यांना ओट्यावर घेतलं ते केवळ कुंदा बरोबर होती म्हणून. काम पुन्हा सुरू झालं. मास्तर लिहायचे, कुंदा शेजारी बसून बघायची. ती कमी बोलायची. 'भात'ला आकडा, 'फणस'ला साधा, 'धान'ला आकडा, 'थंडी'ला साधा. प्रत्येक आकडा काढताना मास्तरांना आपल्या जुन्या पात्याचा ओरखडा आठवे.

'दूध' आलं तेव्हा मास्तरांचा हात थांबला. कुंदानं पहिल्या वेळी शब्दाच्या शेवटी आकडेवाला एच लावला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण तोही त्यांनीच खरवडला होता.

"बनूबाई, पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"दूद."

"शेवटी वारा नाही," मास्तर म्हणाले. "सैल आवाजही नाही. साधा द आहे. 'वाघ'लाही तसंच. ती 'वाग' म्हणते. शब्दाच्या शेवटी बनूबाई हे कधीच करत नाही."

"असं कसं? दूध आहे ना."

"ते आपलं शुद्धलेखन, कुंदाबाई. तुम्ही ऐकलं नाहीत, वाचलंत. माझ्या वहीत सत्तेचाळीस सालापासून 'दूद' लिहिलंय. मला आकडा माहीत नव्हता, पण नसलेला आवाज मी कधी लिहिला नाही."

कुंदानं बोटं बनूबाईच्या गळ्याला लावली, तोंडापुढे हाताचा तळवा धरला, शब्द सहा वेळा वदवून घेतला. मग 'दुधाचा' म्हणायला लावला, तिथे मध्ये आकडा स्पष्ट होता. 'दूद' म्हटलं की नाहीसा. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मास्तरांना झालेला आनंद काही स्वच्छ नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. आपण हिला पकडली, हाच तो आनंद. पण तिनं जे केलं ते त्यांच्याच्यानं झालं नसतं. तिनं सरळ म्हटलं, "माझं चुकलं. असे किती असतील?" आणि स्वतःच मोजायला लागली. एकोणतीस निघाले.

"तुमच्या वह्या मला बघायला द्याल?" तिनं विचारलं. मास्तरांचं मन एकदम आखडलं. त्यांनी एक वही दिली. पुढच्या आठवड्यात दोन. सगळ्या अकरा कधीच दिल्या नाहीत.

अठ्ठावन्न साली पाहणीचा अहवाल छापून आला. शब्दाच्या शेवटी सघोष महाप्राण सैलपणा सोडून देतात, यावर त्यात एक पूर्ण प्रकरण होतं, आणि त्यावर नाव होतं कुंदा फणसळकर यांचं. मास्तरांचं नाव तळटिपेत होतं: 'हे निरीक्षण प्रथम श्री. चि. वैशंपायन यांनी नोंदवलं.' पानभर मजकूर तिचा, आणि एक ओळ त्यांची. ती ओळ तिनं आग्रहानं घालून घेतली होती, असं डॉक्टरांनी कळवलं. तरीही मास्तरांनी पान उलटून पुन्हा पुढचं पान पाहिलं, न जाणो आणखी कुठे असेल म्हणून.

कुंदा त्याच वर्षी पुण्याला शिकवायला गेली. जाण्याआधी ती भेटायला आली आणि यावेळी उमाचा चहा प्यायली. मास्तर तिच्याशी हवापाण्याबद्दल बोलले. ती गेल्यावर उमानं विचारलं, "अजून जळता का हो तिच्यावर?"

"हो," मास्तर म्हणाले. "पण आता मला माहीत आहे की मी जळतो."

पुढच्या रविवारी ते सायकल काढून निघाले. बनूबाईची धाकटी जाऊ पनवेलकडून आली होती, आणि ती 'म्हातारी' हा शब्द कसा म्हणते ते मास्तरांना ऐकायचं होतं.